चष्म्यावरची चमक काढून आईचा डोळा परत कसा आणायचा?

प्रश्न: आईच्या पंचाहत्तरीला घरी काढलेला फोटो फ्रेम करायचा आहे. चष्म्याच्या एका काचेवर हिरवट झाक आहे, दुसरीवर पांढरा डाग. मोबाईलमधल्या ॲपने पुसून पाहिलं, तर डोळा आईचा वाटतच नाही. काय करू?

उत्तर:

मी बडोद्याला दांडिया बाजारात एका स्टुडिओत बरीच वर्षं फोटो दुरुस्तीचं काम केलं. चष्म्याच्या फोटोत आधी एकच गोष्ट ठरवावी लागते: चमकेखाली डोळा शिल्लक आहे की नाही. तुमच्या फोटोत बहुधा दोन्ही प्रकार आहेत, आणि दोघांचा इलाज निरनिराळा आहे. ॲप दोन्हीकडे सारखंच वागतं, आजूबाजूची त्वचा ओढून डाग झाकतं. म्हणून डोळा परका दिसतो.

व्हॉट्सॲपवर आलेली प्रत वापरू नका, ज्या फोनने फोटो काढला त्यातली मूळ फाईल घ्या. पाठवताना फाईल दाबली जाते आणि रंगाचे बारकावे आधी जातात. आपल्याला नेमके तेच हवे आहेत. मी खाली GIMP हे संगणकावरचं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर धरून लिहितो, ते फुकट मिळतं.

फोटो उघडा आणि Windows > Dockable Dialogs > Pointer घ्या. आता कर्सर चमकेवर फिरवला की लाल, हिरवा, निळा यांचे आकडे दिसतील (टक्के दिसत असतील तर त्याच खिडकीत बदलून 0 ते 255 करून घ्या). पांढऱ्या डागात तिन्ही 255 असतील तर तिथे काहीच नोंदलं गेलेलं नाही, आणि कुठलीही पट्टी सरकवून ते परत येणार नाही. हिरव्या झाकेत मात्र आकडे जागोजागी बदलत असतील तर डोळा खाली शाबूत आहे.

आधी हिरवी काच. चष्म्याला चमक कमी करणारं कोटिंग असतं. ते बहुतेक प्रकाश आत जाऊ देतं आणि उरलेला थोडा परत फेकतं. तो परतलेला भाग बऱ्याच कोटिंगांत हिरवट असतो, म्हणजे हा पडदा मुख्यतः हिरव्या चॅनलमध्ये, फोटोतल्या हिरव्या रंगाच्या आकड्यांत, बसलेला असतो. लाल चॅनलमध्ये तो पुष्कळ पातळ असतो.

एका काकांचा सुरसागरच्या काठावर काढलेला फोटो माझ्याकडे आला होता. मोकळं आकाश सगळं काचेत उतरलं होतं. बुबुळाच्या मधोमध हिरव्याचा आकडा 150 च्या आसपास होता आणि लालचा जेमतेम 70. लाल चॅनल एकटा पाहिला तर पापणीचे केससुद्धा मोजता येत होते. त्यांच्या मुलीला तो पडद्यावर दाखवला तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही.

तुम्हीही तसंच करा. लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, प्रत काढा, त्या प्रतीवर Colors > Components > Extract Component चालवा आणि RGB Red निवडा. काळापांढरा डोळा दिसेल. या लेयरचा मोड LCh Lightness करा. मग Layer > Mask > Add Layer Mask मधून काळा मास्क घ्या, तो हा लेयर पूर्ण झाकतो, आणि मऊ ब्रशने फक्त झाकेच्या जागी पांढरं रंगवा, म्हणजे तेवढाच भाग उघडेल.

इथे एक अडचण हमखास येते. आपल्या त्वचेत लाल जास्त असतो, त्यामुळे लाल चॅनलमधली त्वचा उजळ आणि सपाट दिसते, पापणीची घडी विरते. मास्क नव्हे तर लेयर निवडून Colors > Curves मध्ये रेषेचा मधला भाग खाली ओढा. चष्म्याच्या फ्रेमच्या अगदी बाहेरचा गाल आणि आतली त्वचा सारखी गडद दिसली की थांबा.

उजेड जुळला तरी हिरवा रंग राहील. सगळ्यात वर रिकामा लेयर घ्या, मोड HSL Color ठेवा. फ्रेमखालच्या गालाचा रंग उचलून पापण्यांवर हलक्या हाताने फिरवा. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला शुद्ध पांढरा देऊ नका, तो किंचित करडा आणि कोमट असतो. शेवटी मास्कची कडा बघा आणि मूळ झाक अगदी थोडी राहू द्या. मी साधारण दहावा हिस्सा ठेवतो. पूर्ण पुसली तर फ्रेममध्ये काचच नाही असं वाटतं.

आता पांढरा डाग. त्याच वेळचा दुसरा फोटो असेल आणि त्यात तो डोळा स्वच्छ असेल तर प्रश्नच मिटला. File > Open as Layers ने तो वर आणा, Opacity 50 करून डोळ्याचे दोन्ही कोपरे जुळवा आणि मास्कमधून तेवढाच भाग उघडा. चष्म्याची फ्रेम जुळवू नका, ती नाकावर सरकलेली असू शकते.

बिनचष्म्याच्या फोटोतला डोळा मात्र तसाच उचलू नका. लांबचं दिसण्यासाठी लागणारी वजा नंबरची काच समोरच्याला डोळा लहान दाखवते. नंबर वजा 5 असेल तर सुमारे 6 ते 7 टक्के. अधिक नंबरची काच मोठा दाखवते. हा फरक सुधारला नाही तर काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण घरातल्या माणसाला चुकलेलं लगेच कळतं.

बरेच जण दुसरा डोळा उलटा करून बसवतात. मी ते टाळतो. बुबुळातला प्रकाशाचा ठिपका चुकीच्या बाजूला जातो, आणि तो दुरुस्त केला तरी पंचाहत्तरीच्या चेहऱ्यात दोन पापण्या सारख्या नसतात. आईची एक पापणी थोडी खाली येत असेल तर तीच तिची ओळख आहे.

तुमच्याजवळ याहून चांगला मार्ग आहे: आई घरात आहे. तोच चष्मा लावून तिला त्याच खुर्चीवर, त्याच वेळी बसवा आणि फोन पहिल्याइतक्याच उंचीवर, तेवढ्याच अंतरावर धरा. डागाचा आकार नीट पाहिला तर तो कशाचा आहे ते कळतं: खिडकी, ट्यूबलाईट किंवा पांढरी भिंत. घरातल्या कुणाला तरी त्या वस्तूच्या आड काळी छत्री किंवा गडद चादर धरायला सांगा आणि फोनच्या पडद्यावर डाग जाईपर्यंत ती हळूहळू सरकवा. खिडकी पूर्ण झाकू नका, चेहऱ्यावरचा उजेड तिथूनच येतो. चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचलल्या तर काचा खाली झुकतात आणि वरची चमक कॅमेऱ्यात न येता खाली जाते.

पोलरायझिंग फिल्टर घ्यायचा विचार असेल तर या कामासाठी घेऊ नका. काचेवरून तिरका, साधारण 56 अंशांनी परतणारा प्रकाश तो अडवतो. समोरून जवळजवळ सरळ परतणाऱ्या चमकेवर त्याचा उपयोग होत नाही.

हा नवा फोटो फ्रेम करायचा नाही, त्यातला फक्त तो एक डोळा घ्यायचा. पंचाहत्तरीच्या दिवशीचं हसू मूळ फोटोतलंच राहील. छापायला देण्याआधी पूर्ण आकारात आईला दाखवा आणि डोळा तिचाच वाटतो का ते तिलाच विचारा.