पैसे अडकले की नंबर शोधू नका

कृषी केंद्रात स्कॅन करून २,४०० रुपये दिले. माझ्या खात्यातून कटले, दुकानदाराला आले नाहीत. बुडाले का? (शेतकरी, रावेर)

नाही. दुकानाच्या क्यूआरवर अडकलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. एखाद्या व्यक्तीला पाठवलेली अडकली, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तरीही आली नाही, तर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, घेऊन शाखेत जा.

गॅसचे ९१५ रुपये अडकले म्हणून मोबाईलवर 'कस्टमर केअर' शोधलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. माणूस नीट बोलत होता. रिफंड कोड टाका म्हणाला, टाकला, आणि ४८,९१५ रुपये गेले. वर आलेला नंबर खोटा कसा? (गृहिणी, धुळे)

ताई, दर आठवड्याला हाच प्रश्न माझ्यापुढे येतो, म्हणून सविस्तर सांगतो. शोधात वर दिसणं म्हणजे कुणी तपासून दिलेला दाखला नव्हे. वरची जागा जाहिरातीचे पैसे मोजून मिळते; तिथे बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, ते घाईत कुणी वाचत नाही. नकाशावरच्या शाखेच्या माहितीत कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, आणि भामट्यांनी तिथे स्वतःचे नंबर घुसवल्याचे प्रकार घडले आहेत. कंपनीच्या नावाचं फुकटचं पान उभं करून त्यावर एकच नंबर वीस वेळा लिहिणं हाही यांचा जुना धंदा. पैसे अडकल्यावर माणूस कोणते शब्द शोधतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता तुमच्याबाबत काय झालं ते पाहू. नंबर दहा आकडी मोबाईलचा होता, ही पहिली खूण. अर्थात १८०० ने सुरू होणारा नंबरही नुसता पानावर लिहिलेला आहे म्हणून खरा मानू नका. मग त्यानं दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारं एनीडेस्क हे ॲप घ्यायला लावून त्यातला कोड विचारला. तो कोड दिल्यावर तुमचा पडदा त्याला दिसू लागला. नंतर यूपीआय उघडून 'रिफंड कोड ४८९१५' टाका म्हणाला. शेवटचे तीन आकडे तुमच्या ९१५ चेच, म्हणून तुम्हाला खरं वाटलं. पण ती चौकट कोडची नव्हती, रकमेची होती. वर त्याचा आयडी होता आणि खाली तुम्ही पिन टाकलात. यूपीआय पिन पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे येताना कधीही लागत नाही. खऱ्या कर्मचाऱ्याला यूटीआरवरून व्यवहार सापडतो, त्याला तुमचा पडदा बघायची गरजच नसते. पडदा, पिन किंवा ओटीपी यातलं एक जरी मागितलं, किंवा व्हॉट्सॲपवर ॲप बसवणारी एपीके फाइल पाठवून उघडायला सांगितली, तरी बोलणं अर्धवट सोडून फोन ठेवा.

फोन आला तेव्हा स्क्रीनवर बँकेचं नाव दिसत होतं. मग तर खरा ना? (विद्यार्थी, शहादा)

नाही. कॉलर ओळखणाऱ्या ॲपमधली नावं लोकांनीच भरलेली असतात. फोन ठेवा आणि बँकेला तुम्ही स्वतः लावा.

मग खरा नंबर सापडायचा कुठे? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

सर, आधी नंबर लागतोच असं नाही. ज्या ॲपमधून पैसे दिले त्याच्या व्यवहारांच्या यादीत तो व्यवहार उघडा. तिथेच मदत किंवा तक्रार नोंदवायची सोय असते. बोलायचंच असेल तर डेबिट कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा नंबर घ्या. बँकेचं संकेतस्थळ शोधून उघडू नका, पत्ता स्वतः टाईप करा. बँकांचे पत्ते आता .bank.in ने संपतात. तेही अवघड वाटलं तर शाखेत जा, हाच सगळ्यात बरा मार्ग.

शनिवारी रात्री वडिलांचे पैसे असेच गेले. भाऊ म्हणतो, सोमवारी बँक उघडली की बघू. चालेल का? (पाचोरा)

अजिबात नाही. हे वाचताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकतात. मधल्या एखाद्या खात्यात असतानाच ते गोठवता येतात, एकदा रोख काढले की हाती काही लागत नाही. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर खातं आणि यूपीआय बंद करायला सांगा. वडिलांच्या फोनचं इंटरनेट तोडा, भामट्याचा नंबर आणि व्यवहाराचे फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवा, मगच भामट्यानं घ्यायला लावलेलं ॲप काढा. cybercrime.gov.in वर लेखी तक्रारही करा.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर गेलेल्या पैशांची जबाबदारी बँकेची. तुमचा भाऊ सोमवारपर्यंत थांबला, तर दरम्यान जे जाईल तेही तुमच्याच अंगावर पडेल. कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, सोमवारी तो कागद घेऊन शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्याच पोचेच्या आधारे cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.