एकात एक सॉलेनॉइड: सूत्रात क्षेत्रफळ कुणाचं, लांबी कुणाची?

प्रश्न: नाशिकला बारावीत आहे. प्रोजेक्टसाठी ५० सेमी लांबीचे दोन सॉलेनॉइड एकात एक बसवले. बाहेरच्याचे १००० वेढे, त्रिज्या ३ सेमी. आतल्याचे २०० वेढे, त्रिज्या २ सेमी. बाहेरच्यात ५० हर्ट्झचा ०.५ अँपिअर सोडला तर आतल्यावर ९३ मिलिव्होल्ट दिसतात, सूत्राने २२३ येतात. चूक कुठे?

उत्तर:

मोजणी बरोबर आहे. २२३ आलेत म्हणजे तुम्ही बाहेरच्या सॉलेनॉइडचं क्षेत्रफळ घेतलंत.

बाहेरच्यातून प्रवाह जातो तेव्हा ३ सेमी त्रिज्येत सगळीकडे चुंबकीय क्षेत्र असतं, पण आतल्या वेढ्यांतून जाणारा फ्लक्स फक्त २ सेमी त्रिज्येतलाच. उलट प्रवाह आतल्यात सोडला तरी त्याच्या बाहेर क्षेत्र जवळजवळ शून्य, त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक वेढ्यालाही तेवढाच फ्लक्स मिळतो. दोन्ही बाजूंनी क्षेत्रफळ आतल्याचंच:

M = μ₀N₁N₂A/l = ०.६३ मिलिहेन्री

ईएमएफ म्हणजे M गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग. ५० हर्ट्झला तो 2πfMI, म्हणजे ९९ मिलिव्होल्ट.

मग ९९ आणि ९३ मधला फरक? तो सूत्राचा आहे. सूत्र अनंत लांब सॉलेनॉइडचं. खऱ्या सॉलेनॉइडच्या टोकाशी क्षेत्र जवळपास निम्मं होतं. तुमचं आतलं सॉलेनॉइड टोकापर्यंत गेलेलं, म्हणून त्याच्या कडेच्या वेढ्यांना कमी फ्लक्स मिळतो. अक्षावरच्या क्षेत्राची लांबीभर सरासरी काढली तर (√(l²+a²) − a)/l हा गुणक येतो, a ही बाहेरची त्रिज्या. तुमच्यासाठी तो ०.९४, आणि ९९ च्या ०.९४ पट म्हणजे ९३.

हे तपासून बघायला आतले २०० वेढे मधल्या १० सेमीतच गुंडाळा. २६ गेजची इनॅमल तार एका थरात तेवढ्यात बसते. तिथे क्षेत्र जवळजवळ एकसारखं असतं, तूट १ टक्क्याच्या आत येते आणि ९८ च्या आसपास दिसायला हवेत. मात्र इथे दुसरी चूक टपलेली असते: l च्या जागी १० सेमी टाकू नका. लांबी क्षेत्र तयार करणाऱ्या लांब सॉलेनॉइडचीच, ५० सेमी. नाहीतर उत्तर पाचपट येईल.

मोजताना आतल्याच्या टोकांना मीटरशिवाय काही जोडू नका. आणि मीटरची एसी रेंज बघा. स्वस्त मल्टिमीटरवर सर्वात लहान एसी रेंज बहुधा २०० व्होल्टची असते, तिथे ९३ मिलिव्होल्ट ०.१ असे दिसतात. त्यावरून ६ टक्क्यांचा फरक कळणारच नाही. २०० मिलिव्होल्ट एसी रेंजचा मीटर किंवा कॉलेजचा सीआरओ घ्या. सीआरओवर शिखर मोजाल तर √2 ने भागायला विसरू नका, कारण अँमीटर आरएमएस दाखवतो.