घन गोळा उतारावरून घरंगळत आला की तळाशी वेग √(2gh) पेक्षा कमी भरतो. घर्षणात ऊर्जा जाते म्हणूनच ना? आणि जड गोळा घेतला तर?

नाही. "घर्षणात गेली" हे वाक्य मला बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नलने ऐकवलं होतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

न घसरता घरंगळणाऱ्या गोळ्याचा टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. घर्षण पुढे जाण्याची गती थोडी मारतं आणि तेवढीच ऊर्जा गोळा फिरवण्यात घालतं. उष्णता जवळपास होतच नाही. सपाट फळीवर 5/7 ऊर्जा पुढे जाण्यात आणि 2/7 फिरण्यात असते, म्हणून v = √(10gh/7).

आमच्याकडे मात्र फळी नव्हती, काटकोनी ॲल्युमिनियम अँगल V सारखा ठेवलेला होता. लांबी 2 मीटर, एक टोक 20 सेंमी वर. स्टीलचा गोळा स्थिर अवस्थेतून सोडायचा, स्टॉपवॉच दाबायचं आणि वेग 2L/t ने काढायचा. पुस्तकी सूत्राने 1.67 यायला हवा होता, माझा आला साधारण 1.48 मी/से. साहेबांनी जर्नलवर लाल शाईने "घर्षणामुळे ऊर्जाऱ्हास" लिहिलं आणि मार्क कापले.

अहो, V मध्ये गोळा तळावर टेकतच नाही! दोन्ही भिंतींना टेकतो, आणि ते बिंदू फिरण्याच्या अक्षापासून R नव्हे, R/√2 अंतरावर असतात. म्हणजे तेवढंच अंतर जायला त्याला √2 पट जोरात फिरावं लागतं, आणि फिरण्याची ऊर्जा दुप्पट होते. वाटणी 5:2 ऐवजी 5:4, वेग √(10gh/9). 20 सेंमीला 1.48. ऱ्हास कसला?

पटत नसेल तर अँगलचं टोक 40 सेंमी वर घ्या आणि गोळा मधून सोडा. उंची तीच 20 सेंमी, वाट मात्र निम्मी. ऊर्जा खरंच घासण्यात जात असती तर निम्म्या वाटेत कमी गेली असती आणि वेग 1.58 च्या आसपास आला असता. वेळ भरतो 1.36 सेकंद, म्हणजे वेग पुन्हा तोच. व्हायवात हे करून दाखवतो म्हटलं, तर "पुढचा" असं ऐकू आलं.

तेव्हा प्रॅक्टिकल घेणाऱ्यांनो, पोराचं उत्तर कमी आलं की आधी गोळा कुठे टेकतो ते वाकून बघा, मग पेन उघडा.

जड गोळ्याने फरक पडत नाही, m कटतं. पोकळ असेल तर पडतो. आणि हो, हे सगळं गोळा घसरत नाही तोवरच: सपाट फळीवर tanθ घर्षणांकाच्या साडेतीन पटीपलीकडे गेला की तो घसरू लागतो, आणि तेव्हा ऊर्जा खरोखरच घर्षणात जाते.