मिनिमम ड्यू भरतोय, मग ठेव कशाला मोडू?

प्रश्न: कार्डावर एक लाख थकले आहेत. व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे थकबाकीच्या 5 टक्के, वेळेवर भरतो, त्यामुळे लेट फी कधी लागली नाही. दीड लाखाची मुदत ठेव आहे, 7 टक्क्यांची, संपायला आणखी सात महिने आहेत. बायको म्हणते ठेव मोडून कार्ड फेडा. मला वाटतं, हप्ता जातोच आहे, मग ठेवीला हात कशाला लावायचा?

उत्तर: बायकोचं ऐका.

तुमची गफलत ‘हप्ता’ या शब्दात आहे. कर्जाचा हप्ता ठरावीक मुदतीत कर्ज संपेल असा बेतलेला असतो. मिनिमम ड्यू तसा नसतो. तो भरला की लेट फी टळते आणि तुमच्या नावावर थकबाकीदार असा शेरा पडत नाही, एवढंच त्याचं काम.

तुमचाच एक महिना बघू. बिल निघालं तेव्हा थकबाकी एक लाख. विसाव्या दिवशी, मुदतीच्या आत, तुम्ही 5,000 भरले. व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर चढतं. म्हणजे पहिले 20 दिवस पूर्ण लाखावर आणि उरलेले 10 दिवस 95 हजारांवर. दोन्ही मिळून साधारण 3,440. पुढच्या बिलात थकबाकी दिसेल 98,440 च्या आसपास. खिशातून पाच हजार गेले, कर्ज हललं दीड हजारानं.

पुढच्या महिन्यात मिनिमम ड्यूही घटून 4,922 होतो. आकडा कमी झाला की बरं वाटतं, पण दुखणं तिथेच आहे. थकबाकी उतरते तसतसा तुमचा भरणाही उतरतो, आणि शेवट लांबतच जातो. नवी खरेदी शून्य धरली तरी वर्षभरात तुम्ही 55 हजार भराल आणि 83 हजार उरलेले असतील. थकबाकी निम्म्यावर यायला 44 महिने लागतात, आणि तोवर भरलेली रक्कम एक लाख साठ हजारांवर गेलेली असते. व्याजावर कर लागत असेल तर तो यात धरलेला नाही. याउलट, मिनिमम कितीही घटला तरी दर महिन्याला 5,000 च भरत राहिलात तर हेच कर्ज 35 महिन्यांत संपतं.

आणि तुम्ही कार्ड वापरणं थांबवलंय का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो. मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतात. थकबाकी पुढे ओढली की ही सवलत जाते. बिल निघाल्यावर तिसऱ्या दिवशी 12 हजारांची खरेदी केलीत, तर पुढच्या बिलापर्यंतच्या 27 दिवसांचं 378 व्याज तिच्यावर चढतं. पूर्ण बिल भरणाऱ्याला त्याच खरेदीवर एक पैसाही व्याज पडत नाही. तुमच्या बिलातली व्याजाची ओळ शोधा आणि मागच्या महिन्यात भरलेल्या रकमेशी ताडून पाहा. बहुतेक जण फक्त ‘भरायची किमान रक्कम’ वाचून कागद ठेवून देतात.

आता ठेव. तिच्यातल्या एक लाखावर वर्षाला 7,000 मिळतात. कार्डावर पहिल्याच वर्षात जवळपास 38 हजार व्याज जातं. मुदतीआधी मोडल्याचा दंड धरला तरी ही तुलना पालटत नाही. ठेव अर्धवट मोडता येत असेल तर एक लाखच काढा आणि 50 हजार अडीअडचणीला राहू द्या. मोडायला जीव होत नसेल तर ठेवीवर कर्ज मिळतं का ते विचारा. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दराहून थोडाच जास्त असतो. त्यातून कार्ड फेडा, आज भरता ते पाच हजार महिन्याला त्या कर्जात भरा आणि सात महिन्यांनी ठेव पिकली की बाकी चुकती करा. मी असतो तर सरळ मोडली असती. एक भानगड कमी.

फेडाल तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. बिल निघाल्यावर तिसऱ्या दिवशी लाख भरलेत तर त्या दिवसांचं व्याज 350 होतं, विसाव्या दिवशी भरलेत तर 2,333. हे व्याज पुढच्या बिलात येईल, आणि ‘सगळं फेडलं तरी हे काय?’ असं तुम्हाला वाटेल. ती चूक नसते, बिलाच्या तारखेपासून भरण्यापर्यंतचे ते दिवस असतात. तेही पूर्ण भरा, आणि व्याजाची ओळ शून्य असलेलं बिल हातात येईपर्यंत कार्ड कपाटात ठेवा.