पुसला गेलेला एक ‘अ’

“मॅडम, मी अर्थशास्त्राचा प्रत्येक तास सरांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करते. त्याचा मजकूरही करून घेते. पण एका तासाची चौदा पानं होतात, ती पुन्हा पुन्हा वाचूनही पेपरात काही लिहिता येत नाही. माझं नेमकं कुठे चुकतंय?”

बारावी वाणिज्य शाखेची ही विद्यार्थिनी आली तेव्हा तिच्या हातात ‘मागणीची लवचिकता’ या प्रकरणावरील तासाची छापील पाने होती आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या पेनने रंगवलेली होती. तिने कष्ट भरपूर घेतले होते. फक्त तिने त्या मजकुरालाच टिपणे मानले होते, आणि अडचणीचे मूळ तिथे होते. शिक्षक वर्गात बोलतात तो क्रम समजावण्याचा असतो. ते एक मुद्दा सांगतात, कोणी शंका विचारली की मागे वळतात, उदाहरणात रमतात आणि अर्धवट राहिलेली व्याख्या वीस मिनिटांनी पूर्ण करतात. परीक्षेतील प्रश्न मात्र एकेका मुद्द्यावर सरळ येतो. त्यामुळे मजकूर आहे त्याच क्रमाने कितीही वेळा वाचला, तरी त्यातून उत्तर तयार होत नाही.

मी तिला रंगाचे पेन बाजूला ठेवायला सांगितले आणि आम्ही दोघींनी पेन्सिल घेऊन पहिले वाचन केले. या वाचनात काहीही लिहून काढायचे नव्हते. समासात फक्त खुणा करायच्या होत्या: व्याख्येजवळ ‘व्या’, उदाहरणाजवळ ‘उ’ आणि परीक्षेची चाहूल देणाऱ्या वाक्याजवळ ‘प्र’. हजेरी, सूचना, मागच्या तासाची उजळणी आणि तीच तीच वाक्ये यांवर काट मारल्यावर चौदा पानांतून कामाचा मजकूर जेमतेम पाच पानांचा उरला.

मग मथळ्यांचा विचार सुरू झाला. तिने आधी ‘प्रस्तावना’, ‘प्रकार’, ‘उदाहरणे’ असे मथळे दिले होते, आणि ते कोणत्याही प्रकरणाला चालले असते. मी तिला विचारले, “या परिच्छेदात सर कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत?” त्यावर तिने स्वतःच ‘लवचिकता कशाने मोजतात?’, ‘किंमत वाढली तर ग्राहकाचा एकूण खर्च वाढतो की घटतो?’, ‘मिठाची मागणी किमतीने फारशी का हलत नाही?’ असे मथळे लिहिले. एकूण खर्च पद्धतीविषयीचे बोलणे त्या मजकुरात तीन ठिकाणी विखुरलेले होते. ते एका मथळ्याखाली आणले आणि प्रत्येक तुकड्यापुढे ध्वनिमुद्रणातील मिनिट लिहून ठेवले, म्हणजे शंका आल्यास अख्खा तास ऐकण्याऐवजी तेवढाच भाग ऐकता येतो.

व्याख्येपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. सरांनी तीन वेळा तीन प्रकारे व्याख्या सांगितली होती आणि तिने त्यांतील पहिली आणि सर्वांत सोपी उचलली होती: “किंमत बदलली की मागणी बदलते, ती लवचिकता.” बोलता बोलता सुरुवात करून देण्यासाठी हे वाक्य योग्य आहे, पण व्याख्या म्हणून ते अपुरे आहे, कारण एवढे तर मागणीचा नियमही सांगतो. नियमातून बदलाची दिशा कळते, लवचिकतेतून त्या बदलाचे प्रमाण कळते. तिसऱ्या वेळी सरांनी ‘शेकडा’ हा शब्द वापरला होता आणि तोच निर्णायक होता. पाठ्यपुस्तकाशी ताडून तिने लिहिले: किमतीतील शेकडा बदलामुळे मागणीत होणाऱ्या शेकडा बदलाचे प्रमाण म्हणजे मागणीची किंमत लवचिकता. बोललेल्या व्याख्यांपैकी सर्वांत पूर्ण असलेली घ्यावी आणि ती पुस्तकाशी पडताळल्याशिवाय टिपणात उतरवू नये, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

याच पडताळणीत एक गंभीर चूक सापडली. मजकुरात असे वाक्य होते: “दहाची किंमत बारा झाली, शंभरची मागणी पंच्याण्णव झाली, म्हणजे ही लवचिक मागणी.” तिने ते जसेच्या तसे पाठ केले होते. मी तिला गणित करायला सांगितले. किंमत 20 टक्क्यांनी वाढली, मागणी 5 टक्क्यांनी घटली, म्हणून लवचिकता 5 भागिले 20, म्हणजे 0.25 आली. ती एकापेक्षा कमी आहे. एकूण खर्चही 1,000 रुपयांवरून 1,140 रुपयांवर गेला आहे. लवचिकता एकापेक्षा कमी असते आणि किंमत वाढल्यावर खर्चही वाढतो, तेव्हा मागणी कमी लवचिक म्हणजेच अलवचिक असते. त्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर उलगडा झाला. सर ‘अलवचिक’ म्हणाले होते, पण आवाजावरून मजकूर होताना सुरुवातीचा ‘अ’ गळून गेला होता. एक अक्षर गेले आणि अर्थ नेमका उलटला. अशी चूक केवळ वाचून लक्षात येत नाही, कारण वाक्य व्याकरणाने निर्दोष असते. म्हणून विरुद्धार्थी जोड्या असलेले शब्द, आकडे आणि ‘नाही’ असलेली वाक्ये उदाहरणावर घासून पाहावीत.

दुसरी उणीव फळ्याची होती. “हे बघा, हा वक्र इथून असा खाली येतो” या वाक्यात आकृती कुठेच नाही. ‘हे’, ‘इथे’, ‘असा’ हे शब्द जिथे आले तिथे तिने चौकट रिकामी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीतून आकृत्या काढून घेतल्या.

संभाव्य प्रश्न शेवटी काढले. सर ज्या वाक्यावर थांबले, जे त्यांनी पुन्हा सांगितले, ज्याआधी “हे लिहून घ्या” म्हटले, त्यांवर ‘प्र’ची खूण होतीच. ती वाक्ये बोर्डाच्या प्रश्नप्रकारांत बसवायची होती. लवचिक आणि अलवचिक मागणीच्या बोलण्यातून ‘फरक स्पष्ट करा’ आला. मिठाच्या उदाहरणातून ‘उदाहरणाच्या आधारे संकल्पना ओळखा व स्पष्ट करा’ आला. “मिठाची मागणी लवचिक असते” हे चुकीचे वाक्य ‘सहमत आहात की असहमत, सकारण लिहा’ या प्रकारासाठी उत्तम विधान ठरले. प्रत्येक प्रश्नाखाली तिने उत्तर लिहिले नाही, फक्त तीन-चार मुद्द्यांचे शब्द लिहिले आणि दुसऱ्या दिवशी वही मिटून उत्तर लिहून पाहिले. जिथे पेन अडले तेवढाच मथळा पुन्हा वाचायचा, असे ठरले.

त्या पहिल्या तासाच्या टिपणांना अडीच तास लागले. रोज इतका वेळ देणे कोणालाही शक्य नाही, हे तिला तेव्हाच सांगितले. चौथ्या तासापर्यंत तो वेळ पन्नास मिनिटांवर आला, कारण ती आता वर्गात ऐकतानाच वहीच्या कडेला ‘व्या’ आणि ‘प्र’ लिहून पुढे मिनिटाचा आकडा टाकत होती. पुस्तपालनाचे तास रेकॉर्ड करणे मात्र तिने माझ्या सल्ल्याने थांबवले. तिथे नोंदी आणि ताळेबंद स्वतः सोडवावे लागतात, आणि बोलण्याच्या मजकुरातून त्याची टिपणे करण्यात गेलेला वेळ उदाहरणे सोडवण्याच्या वेळेतून कापला जातो.