अहवालात ‘धमकावले’ लिहू की ‘वाद झाला’?

‘केळीचा व्यापारी बाजार समितीच्या ऑफिसात माझ्यावर ओरडला, वजनाचं माप उगारलं. सचिवांना लेखी द्यायचंय. धमकावले लिहू की वाद झाला?’

दोन्ही नको, डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच, घडलं त्या क्रमाने लिहा. मी अशा चौकशांचे कागद वर्षानुवर्षं वाचतो. ‘धमकावले’ हा तुमचा निष्कर्ष, तो समोरचा सहज नाकारतो. ‘वाद झाला’मध्ये माप गायबच होतं. त्यापेक्षा असं लिहा: ‘सकाळी ११च्या सुमारास ते टेबलापलीकडे उभे होते. उजव्या हातात २ किलोचं माप खांद्याच्या वर धरून म्हणाले, “तुले दखी लिसू”. आवाज बाहेर काट्यावरच्या हमालांना ऐकू गेला, दोघे आत आले. मी दोन पावलं मागे सरलो. त्यांनी मला स्पर्श केला नाही.’ अहिराणी वाक्य तसंच ठेवा, शुद्ध मराठी करायला गेलात की धार जाते किंवा नको तितकी वाढते. शेवटचं वाक्यही गाळू नका, त्यानेच बाकीच्यावर विश्वास बसतो. शब्द आणि हावभाव शेजारी-शेजारी हवेत, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० नुसार नुसते शब्द हल्ला ठरत नाहीत, पण त्या शब्दांमुळे हावभावाला हल्ल्याचा अर्थ येऊ शकतो.

मात्र भीती वाटली असेल तर ती लपवू नका. ‘मला मारतील असं वाटलं’ एवढं, वेगळ्या वाक्यात. आणि माप उगारलं की नुसतं हातात होतं, हे नक्की आठवत नसेल तर ‘हातात होतं’ इतकंच.