शिडी चढताना वजन हातांवर येते की पायांवर, आणि तीन आधार ठेवायला का सांगतात?

वजन जवळजवळ पूर्णपणे पायांवर यायला हवे. हातांचे मुख्य काम शरीर मागे कलंडू न देणे हे आहे. वर उचलण्याचे बळ मांडीच्या पुढच्या आणि नितंबांच्या मोठ्या स्नायूंतून येते, तर बोटे मिटून धरणारे कोपर ते मनगट या भागातले स्नायू लहान असल्यामुळे लवकर थकतात.

पाण्याच्या टाकीवरच्या सरळ उभ्या शिडीचे उदाहरण घेऊ. ७० किलो वजनाच्या माणसाचा गुरुत्वमध्य पायांखालच्या दांड्यापासून ३० सेंटीमीटर मागे आणि हातांची पकड पायांपासून १४० सेंटीमीटर वर असेल, तर हातांना ७० × ३० ÷ १४०, म्हणजे सुमारे १५ किलो वजनाइतकी आडवी ओढ सतत सोसावी लागते. कंबर शिडीपासून दूर गेली की ही ओढ वाढते, आणि पायांनी वर ढकलण्याऐवजी हातांनी खेचत चढणाऱ्याची बोटे आधीच दमलेली असतात. भिंतीला टेकवलेल्या तिरप्या शिडीवर मात्र ही ओढ बरीच कमी होते.

एका वेळी एकच हात किंवा पाय हलवला, तर उरलेले तीन आधार त्रिकोण करतात. त्यांतला एक निसटला तरी दोन शिल्लक राहतात. दोनच आधारांवर असताना शरीर त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवती दारासारखे फिरू शकते, आणि एक सुटला की सगळा भार एकट्यावर येतो.

मात्र शिडीच घसरली तर याचा उपयोग नाही. त्यासाठी टेकवलेली शिडी दर चार फूट उंचीला तळाशी भिंतीपासून एक फूट दूर ठेवावी.